दुधाच्या पासबुकाचा फोटो आणि बिलाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागात डेअरीला दूध घालतात घरची माणसं, पण हिशेब बघायला सांगतात पुण्याला किंवा बेळगावला नोकरीला असलेल्या मुलाला. मग व्हॉट्सॲपवर पासबुकाच्या पानाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "बघ रे, बिल बरोबर आलंय का." असे फोटो बघताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे मांडले आहेत. उदाहरणातले दर फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या डेअरीचं दरपत्रक वेगळं असणार.

१. फोटोवरून बिल काढायला पानावर नेमकं काय काय दिसायला पाहिजे?

प्रत्येक वेळच्या दुधाच्या चार गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ (सकाळ की संध्याकाळ), लिटर, फॅट, आणि त्या फॅटला लागलेला दर. रक्कम ओळीत लिहिलेली असली तर सोन्याहून पिवळं, कारण मग पडताळा लगेच घेता येतो. नसली तरी काम अडत नाही.

पानाचा तळ मात्र फोटोत हवाच. एकूण लिटर तिथेच असतात आणि पुढे ते फार उपयोगी पडतात (प्रश्न ६). निम्मे लोक नेमका तोच भाग कापून फोटो पाठवतात. दरपत्रक डेअरीच्या भिंतीवर लावलेलं असतं, त्याचाही एक फोटो एकदाच काढून ठेवा. दर बदलला की नवा काढायचा.

२. फोटो कसा काढला म्हणजे आकडे नीट वाचता येतात?

दिवसाउजेडी, अंगणात, पान सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वरून धरून. फ्लॅश नको. पासबुकाला प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर त्यावर पांढरा डाग पडतो आणि तो हमखास दराच्या रकान्यावरच पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही आणि दशांशाचं टिंब जागेवर राहतं.

३. आमचं पासबुक कन्नडमध्ये छापलंय. रकाने कसे ओळखायचे?

शब्द थोडेच आहेत. दिनांक आणि दर हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत. बेळिग्गे म्हणजे सकाळ, संजे म्हणजे संध्याकाळ, हालु म्हणजे दूध, मोत्त म्हणजे रक्कम, ओट्टु म्हणजे एकूण आणि कडित म्हणजे कपात. जनावराच्या जागी एम्मे असेल तर म्हैस, आकळु असेल तर गाय. फॅटला बहुतेक ठिकाणी फॅटच म्हणतात.

आकडे कन्नड लिपीत असतील तर सहा आणि नऊ जपून वाचा. दोघांत शेवटच्या शेपटीचाच काय तो फरक, आणि घाईत लिहिलेल्या ओळीत तोही उरत नाही.

४. प्रत्यक्ष हिशेब कसा करायचा? एक उदाहरण करून दाखवाल का?

हिशेब ओळीने करायचा. प्रत्येक वेळचे लिटर गुणिले त्याच वेळचा दर, आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज. इतकंच.

म्हशीच्या दुधाची तीन दिवसांची नोंद घेऊ. दरपत्रक असं धरू: ६.० फॅटला ५०.५० रुपये, आणि त्यावर फॅट एका पॉइंटने (म्हणजे ०.१ ने) वाढली की ८० पैसे जास्त.

| दिवस | वेळ | लिटर | फॅट | दर | रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | सकाळ | ४.२ | ६.४ | ५३.७० | २२५.५४ |
| पहिला | संध्याकाळ | ३.१ | ७.० | ५८.५० | १८१.३५ |
| दुसरा | सकाळ | ४.५ | ६.२ | ५२.१० | २३४.४५ |
| दुसरा | संध्याकाळ | ३.० | ७.१ | ५९.३० | १७७.९० |
| तिसरा | सकाळ | ४.१ | ६.५ | ५४.५० | २२३.४५ |
| तिसरा | संध्याकाळ | २.८ | ७.२ | ६०.१० | १६८.२८ |

एकूण दूध २१.७ लिटर, एकूण रक्कम १,२१०.९७ रुपये. कपातीच्या आधीचं बिल ते हे.

मोबाइलवर शीट वापरत असाल तर दुसऱ्या ओळीपासून A रकान्यात लिटर, B मध्ये फॅट, C मध्ये दर भरा आणि एका मोकळ्या घरात हे लिहा:

```
=SUMPRODUCT(A2:A7,C2:C7)
```

उत्तर १२१०.९७ यायला पाहिजे. वेगळं आलं तर आकडा भरताना कुठेतरी चूक झाली आहे.

५. एवढं करण्यापेक्षा सरासरी दर काढून एकूण लिटरने गुणलं तर?

सगळ्यात जास्त भांडणं इथूनच सुरू होतात. वरचंच उदाहरण घ्या. सहा दरांची बेरीज ३३८.२० आणि सरासरी ५६.३७ रुपये. त्याला २१.७ ने गुणलं की साधारण १,२२३ रुपये येतात. बिल आहे १,२१०.९७. मग घरातून फोन जातो: "डेअरीवाल्यानं तीन दिवसांत बारा रुपये मारले." प्रत्यक्षात त्यानं एक पैसाही मारलेला नाही.

सकाळचं दूध जास्त आणि फॅट कमी, संध्याकाळचं दूध कमी आणि फॅट जास्त, हे त्याचं कारण. रात्रभराचं अंतर मोठं असल्यामुळे सकाळी दूध जास्त उतरतं आणि ते थोडं पातळ असतं. साधी सरासरी काढताना आपण संध्याकाळच्या २.८ लिटरच्या दराला सकाळच्या ४.५ लिटरच्या दराइतकंच वजन देतो. त्यामुळे सरासरी वर जाते आणि डेअरी कमी देते असं वाटतं. खरा सरासरी दर हवाच असेल तर तो उलट काढा: १,२१०.९७ भागिले २१.७, म्हणजे ५५.८१ रुपये.

फॅटची सरासरी काढूनही हीच फसगत होते. पानाच्या खाली डेअरीनं छापलेली सरासरी फॅट तुमच्या सरासरीपेक्षा कमी दिसली, तर तिनं लिटरच्या वजनानं काढली असण्याची शक्यता मोठी. या उदाहरणात साधी सरासरी ६.७३ येते आणि लिटरच्या वजनानं काढलेली ६.६६. बिलाशी जुळते ती दुसरी.

६. फोटोत आकडा पुसट आहे, किंवा दोन तऱ्हेनं वाचता येतो. काय धरायचं?

अंदाजाने काहीच धरू नका. शेजारचे आकडे उत्तर सांगतात.

आपल्याकडे एकाच पानावर मराठी, इंग्रजी आणि कधी कन्नड आकडे एकत्र येतात. सकाळी सेक्रेटरी लिहितात, संध्याकाळी त्यांचा मुलगा. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा, आणि मराठी पाच इंग्रजी चारसारखा. मी स्वतः एकदा तिसऱ्या दिवशीच्या सकाळसारखीच ओळ, ४.१ लिटर, आठ पूर्णांक नऊ अशी वाचली. बिल २६१ रुपये ६० पैशांनी जास्त निघालं आणि मी तावातावानं डेअरीत फोन लावला. सेक्रेटरी मामांनी शांतपणे विचारलं, "एका म्हशीनं सकाळी नऊ लिटर दिलं व्हय?" आदल्या दोन सकाळी ४.२ आणि ४.५ दिलेली म्हैस तिसऱ्या सकाळी दुप्पट देत नाही, हे मला फोन करण्याआधी सुचायला हवं होतं.

दराचा आकडा ताडून बघायला सोपा. दर दरपत्रकाच्या पायरीवर बसलाच पाहिजे. संध्याकाळचा ५८.५० हा दर फोटोत ५३.५० असा वाचला गेला समजा. त्यातून ५०.५० वजा केले तर ३ रुपये उरतात. ३ भागिले ०.८० केलं की ३.७५ येतात, पूर्ण पायरी येत नाही. म्हणजे ५३.५० हा दर या पत्रकात असूच शकत नाही. आणि फॅट ७.० दिसत असेल तर दहा पायऱ्या, म्हणजे ८ रुपये, म्हणून दर ५८.५०.

लिटरला अशी पायरी नसते, म्हणून तिथे जास्त सावध राहा. ओळीत रक्कम असेल तर तिला दराने भागा: १८१.३५ भागिले ५८.५० बरोबर ३.१. फोटोत ते ३.७ वाटत असलं तरी ३.१ च. रक्कम नसेल तर पानाच्या तळाचे एकूण लिटर घ्या, बाकीच्या ओळी वजा करा, उरेल तो तुमचा पुसट आकडा. दोन आकडे पुसट असतील तर ही युक्ती चालत नाही. मग दुसरा फोटो मागवा.

७. फॅटच्या जागी ६४, ७० असे आकडे आहेत. हे काय?

टिंब लिहिलेलं नाही, एवढंच. ६४ म्हणजे ६.४. लिटरमध्येही टिंब गाळतात. तिथे ४२ म्हणजे ४.२ की खरंच ४२, हे गोठ्यात किती जनावरं आहेत त्यावरून कळतं.

८. फॅट तीच, तरी दोन दिवस दर वेगळा. पासबुक चुकलंय का?

बहुधा नाही. तीन कारणं असू शकतात.

पहिलं आणि नेहमीचं कारण एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ. गायीच्या दुधाला दर फॅट आणि एसएनएफ दोन्ही बघून लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी म्हशीलाही. ३.५ फॅटला ८.५ एसएनएफ असेल तर एक दर, ८.२ असेल तर त्याहून कमी. पासबुकात एसएनएफचा रकाना नसेल तर फक्त फॅटवरून दर तपासायला जाऊ नका, प्रश्न ६ मधला पायरीचा ताळा तिथे लागू होत नाही. कधी एसएनएफऐवजी लॅक्टोमीटरची डिग्री लिहिलेली असते. तिच्यावरून एसएनएफ काढायचं एक चालू सूत्र असं आहे:

```
SNF = CLR/4 + 0.21 × Fat + 0.36
```

इथे CLR म्हणजे तापमानाप्रमाणे दुरुस्त केलेली डिग्री. डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर ७ + ०.८४ + ०.३६, म्हणजे ८.२०. सूत्रातले शेवटचे आकडे प्रत्येक संघात थोडे वेगळे असतात, म्हणून आपल्या डेअरीत कुठलं वापरतात ते विचारून घ्या. आणखी एक: दुधात पाणी पडलं की डिग्री आणि फॅट दोन्ही उतरतात. फॅट तेवढीच राहून नुसती डिग्री उतरली असेल तर आधी बघायचं ते नमुना गरम असताना डिग्री घेतली होती का.

दुसरं कारण, मधल्या काळात दरपत्रक बदललं (प्रश्न १२). तिसरं, एकाच पासबुकावर गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध आहे आणि तुम्ही ओळ दुसऱ्या जनावराची वाचली. गायीला ६.४ फॅट सहसा लागत नाही, तेव्हा हे पटकन ध्यानात येतं.

९. घरी काट्यावर दूध ४.३३ किलो भरतं, डेअरीत ४.२ लिटर लिहितात. माप मारतात का?

नाही, हे दोन्ही एकच आहे. दूध पाण्यापेक्षा जड, एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो. ४.२ गुणिले १.०३ म्हणजे ४.३३. बहुतेक डेअऱ्यांत आता काट्यावर वजन करतात आणि यंत्र त्याचं लिटर करून दाखवतं.

गडबड होते ती पासबुकात कधी किलो आणि कधी लिटर लिहिल्यावर. म्हणून एकदा सरळ विचारा की दर कशाचा आहे, किलोचा की लिटरचा. दर लिटरचा असेल तर किलोचा आकडा १.०३ ने भागल्याशिवाय गुणाकार करू नका. आणि घरी किटली रिकामी करून तिचं वजन आधी घेतलंत ना? कितीतरी तक्रारी रिकाम्या किटलीपाशीच संपलेल्या मी बघितल्या आहेत.

१०. ओळीचा हिशेब जुळतो, पण हातात पैसे कमी आले. का?

कपातीमुळे. डेअरीतून उचललेली पशुखाद्याची पोती, घेतलेली उचल, सोसायटीचा शेअर, जनावराचा विमा, कर्जाचा हप्ता हे सगळं बिलातूनच वळतं होतं. समजा दहा दिवसांचं बिल ४,०१२ रुपये. खाद्याचे १,३५० आणि उचलीचे ५०० गेले, हातात २,१६२. दोन हिशेब वेगळे ठेवा: दुधाचा एक आणि कपातीचा एक. मिसळलेत की चूक कुठे आहे हे कुणालाच दाखवता येत नाही.

कपात पासबुकाच्या त्याच पानावर नसते, मागच्या पानावर किंवा बिलाच्या चिठ्ठीवर असते. तिचाही फोटो मागवा. पोत्यांच्या बाबतीत तारीख बघा. महिन्याच्या शेवटी उचललेलं पोतं पुढच्या बिलात जातं, आणि आईला वाटतं ते दोनदा कापलं.

११. कर्नाटक सरकारचे लिटरमागे ५ रुपये पासबुकात दिसत नाहीत. ते कुठे गेले?

ते डेअरीच्या बिलात येतच नाहीत. सहकारी दूध संघाला दूध घालणाऱ्यांसाठी राज्य सरकारचं हे प्रोत्साहन धन आहे. २००८ मध्ये लिटरमागे २ रुपयांनी ते सुरू झालं आणि पुढे ५ वर गेलं. पैसे थेट उत्पादकाच्या बँक खात्यावर जमा होतात, बऱ्याचदा दुधाच्या बिलापेक्षा बरेच उशिरा. वरच्या उदाहरणातल्या २१.७ लिटरचे १०८ रुपये ५० पैसे होतात. बिल तपासताना ते मिळवू नका, नाहीतर डेअरी प्रत्येक लिटरला ५ रुपये कमी देते असं दिसेल. ते बँकेच्या पासबुकात शोधा.

सीमेवरच्या गावात एक मेख आहे. दूध खासगी डेअरीला किंवा महाराष्ट्रातल्या संघाला जात असेल तर हे पैसे लागू होत नाहीत. एकाच गल्लीत दोन घरांचे दर ताडून बघताना हे धरायला लोक विसरतात.

१२. महिन्याच्या मध्येच दर वाढला. कुठल्या ओळीपासून नवा धरायचा?

पासबुकात प्रत्येक ओळीला दर लिहिलेला असेल तर तुम्हाला काहीच धरायचं नाही, जो लिहिलाय त्यानं गुणा. फक्त तारीख आणि वेळ तपासा. "११ तारखेपासून" म्हणजे ११ च्या सकाळपासून. १० च्या संध्याकाळचं दूध जुन्याच दरात.

बिलाचा काळही बघून घ्या. कुठे आठवड्याला बिल निघतं, कुठे दहा दिवसांनी, कुठे पंधरा. दहा दिवसांचं असेल तर महिन्याचं तिसरं बिल ३१ च्या महिन्यात अकरा दिवसांचं आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ दिवसांचं होतं. "या वेळी बिल फार कमी" असं मार्चच्या सुरुवातीला म्हणणाऱ्यांना मी आधी दिवस मोजायला सांगतो.

१३. माझ्या आणि डेअरीच्या रकमेत थोडा फरक येतो. किती फरक चालवून घ्यायचा?

फरक पैशांत असेल तर सोडून द्या. ओळीत पैसे जवळच्या आकड्याला नेले की वीस ओळींत मिळून दहा पैशांच्या आतबाहेर फरक पडतो. प्रत्येक ओळ पूर्ण रुपयात नेत असतील तर फरक काही रुपयांपर्यंत जाईल, पण तो दोन्ही बाजूंनी जातो, नेहमी एकाच बाजूला नाही.

नजर ठेवायची ती दुसऱ्या गोष्टीवर. काटा ४.२७ दाखवतो आणि पासबुकात ४.२ लिहिलं जातं, असं होतं का? शेवटचा आकडा प्रत्येक वेळी गाळला तर सरासरी ५० मिली दूध लिहिलं जात नाही. ५६ रुपये दराने ते २ रुपये ८० पैसे झाले, आणि दहा दिवसांच्या वीस वेळांत ५६ रुपये. हे फोटोवरून कधीच कळणार नाही, कारण पासबुकातला हिशेब स्वतःपुरता जुळलेलाच असतो. दूध घालायला जाणाऱ्यानं आठवडाभर काट्यावरचा आकडा वेगळा लिहून ठेवला तरच कळतं.

१४. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ फॅट ६.५ च. हे बरोबर आहे?

गुणाकार बरोबर असेल, पण नोंद संशयास्पद आहे. एकाच म्हशीची फॅटसुद्धा सकाळ-संध्याकाळ अर्ध्या पॉइंटनं नव्हे, पाच-सहा पॉइंटनं वरखाली होते (प्रश्न ५). वीस वेळा एकच आकडा म्हणजे फॅट लावलेली नाही, बांधून दिलेली आहे. कधी यंत्र बंद असतं म्हणून तात्पुरतं असं करतात आणि ते सांगतातही. विचारायला हरकत नाही.

फॅट अचानक खाली दिसली तर आधी घरचं बघा. किटली हलवल्याशिवाय नमुना घेतला की साय वर राहते, आणि नमुना कुठून घेतला त्यावर फॅट ठरते. वासराला शेवटची धार सोडली तरी फॅट उतरते, कारण शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असते.

१५. खरीच चूक सापडली. सेक्रेटरींना कसं दाखवायचं?

एकूण रकमेवरून वाद घालू नका, ओळ दाखवा. "अण्णा, बिल चुकलंय" म्हटलं तर ते सगळं पान बघणार नाहीत. "अण्णा, १४ तारखेच्या संध्याकाळी फॅट ७.१ आहे आणि दर ६.१ चा लागलाय" म्हटलं तर ते दरपत्रकावर बोट ठेवून बघतील. आपल्या उदाहरणातल्या दरानं ती एक चूक लिटरमागे ८ रुपयांची आहे, ३ लिटरला २४ रुपये.

सोबत फोटोची छापील प्रत नको, मूळ पासबुकच न्या. डेअरीच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशीची ओळ काढायला सांगा, कारण कधी रजिस्टर बरोबर असतं आणि पासबुकात उतरवताना चूक झालेली असते. तसं असेल तर पैसे बरोबरच मिळालेले असतात, दुरुस्त करायचं ते फक्त पासबुक. रजिस्टरही चुकलं असेल तर फरक पुढच्या बिलात मिळतो. तेव्हा तो वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नाहीतर पुढच्या फोटोत तो तुम्हालाच चूक म्हणून दिसेल.